अक्षता पडताच पहिले ताट

‘आपल्या घरचे शुभकार्य हे आमचेच कार्य. स्वच्छता, विविधता आणि वेळेवर सेवा या त्रिसूत्रीने आम्ही आपल्या पाहुण्यांचे समाधान करतो. शुद्ध आर.ओ. पाणी, टोपी-हातमोजे घातलेले वाढपी, पंचवीसहून अधिक पदार्थ आणि अक्षता पडताच पहिले ताट!’

बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातलं सुलतानपूर हे मेहकर-लोणार रस्त्यावरचं गाव. लग्नसराई जवळ आली की अशा गावांत बिछायत केंद्राच्या टेबलावर, किराणा दुकानाच्या गल्ल्याशेजारी केटररची गुळगुळीत कागदावरची पत्रकं दिसू लागतात. आत मेनू, मागे अटी आणि सगळ्यात वर, गणपतीच्या चित्राखाली, असा एक परिच्छेद. नाव-गाव बदलतं, मजकुराची वळणं तीच राहतात. म्हणून ती वळणं एकत्र करून हा नमुना मीच मांडला आहे. कुणा एकाचं पत्रक समोर ठेवून त्याच्या धंद्याची चिरफाड करायची नाही. मात्र हा मजकूर लोक समजतात तितका पोकळ नसतो. ज्याच्या घरी लग्न आहे अशा माणसाची झोप कशाने उडते, हे त्याच्या लेखकाला नेमकं ठाऊक असतं. आणि त्याच वेळी, दिलेल्या तीन वचनांपैकी मधलं वचन उरलेल्या दोघांच्या मुळावर उठतं, हेही त्याला ठाऊक असावं.

पहिलं वाक्य सोडून द्यावं. ‘आपल्या घरचे कार्य ते आमचेच’ हे बिछायतवाला म्हणतो, बँडवाला म्हणतो, व्हिडिओ शूटिंगवालाही म्हणतो. त्यात कसब आहे ते एवढंच, की पैशाचा व्यवहार सुरू होण्याआधी वाचणाऱ्याला सोयऱ्याच्या जागी बसवलं जातं. खरा मजकूर दुसऱ्या वाक्यापासून सुरू होतो.

मुळात असा मजकूर लिहायची वेळ का आली, ते आधी बघू. गावातल्या जुन्या पद्धतीत आचाऱ्याला पत्रक लागत नाही. तो येतो, किती माणूस जेवेल ते विचारतो आणि यादी सांगतो. पाचशे माणसांना तांदूळ साधारण ४० किलो, तूरडाळ १५ किलो, कणीक ४५ ते ५० किलो, आलू-वांग्याचा एवढा पसारा, बुंदीला एवढं बेसन आणि त्याच्या दीड-दोनपट साखर. किराणा वधूपिता आणतो, वांगी भाऊकीतला कुणी मळ्यातून पाठवतो, भांडी भाड्याने येतात आणि आचारी त्याची मजुरी घेतो. डाळ किडकी निघाली तर दोष घरच्यांचा. तेल कोणतं, तूप किती, हे घरच्या बाईने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. ताटाच्या दराने ठेका दिला की हे सगळं नजरेआड जातं. माल कुठला, कुणी निवडला, कधी चिरला, काही दिसत नाही. दिसतं ते थेट मांडवातलं ताट. जे नजरेआड गेलं त्याची भरपाई शब्दांनी करावी लागते आणि तिथे हा परिच्छेद जन्माला येतो. म्हणून त्याची सुरुवात चवीने होत नाही.

ही गोष्ट आधी लक्षातच येत नाही. जेवणाच्या जाहिरातीतल्या त्रिसूत्रीत चवीला जागा नाही! मला हे या मजकुराचं सगळ्यात हुशार वळण वाटतं. चवीचं वचन कागदावर देऊन उपयोग नसतो, कारण चवीचा निकाल आधीच लागलेला असतो. गेल्या वैशाखात अमक्याच्या पोरीच्या लग्नात कढी कशी होती, हे पंचक्रोशीला पाठ असतं. ज्याला चव विचारायची आहे तो पत्रक वाचत नाही, जेवून आलेल्या माणसाला विचारतो. पत्रकाने सांगायचं ते असं, जे जेवून आलेल्या माणसालाही नीट माहीत नसतं: माल स्वच्छ होता का, आणि वेळ पाळली ती कुणामुळे.

तिघांत स्वच्छता पहिली. याच लोणार तालुक्यात सोमठाणा गावी फेब्रुवारी २०२४ मध्ये सप्ताहातला एकादशीचा प्रसाद घेतल्यानंतर दोनशेहून अधिक माणसांना विषबाधा झाली. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरेनात, तेव्हा रुग्णांना बाहेर उघड्यावर झोपवून, दोऱ्या बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या अडकवल्या गेल्या. ती छायाचित्रं देशभर छापून आली. ते लग्न नव्हतं आणि तिथे कुणी केटररही नव्हता. पण आसपासच्या गावांत ज्याने ते चित्र पाहिलं, त्याला पत्रकातला ‘स्वच्छता’ हा शब्द नुसता शोभेचा वाटणार नाही. तो शब्द पहिल्या जागी ठेवणाऱ्याने आपला वाचक बरोबर ओळखला आहे, असं माझं मत.

पुढे मात्र या शब्दाचा खुलासा कसा केलाय ते पाहा: टोपी आणि हातमोजे. म्हणजे जी स्वच्छता पाहुण्याच्या डोळ्यांना दिसते ती. हातमोजा वाईट नाही, पण त्याच हातमोज्याने घाम पुसला, खुर्ची सरकवली, मोबाईल उचलला आणि मग जिलबी वाढली, तर उघडा पण साबणाने धुतलेला हात परवडला. पोट बिघडतं ते बहुतेक वेळा मांडवात नाही, मागच्या शेडमध्ये. रात्री उकडून ताडपत्रीवर पसरलेले बटाटे, हात धुवायला साबण नसणं, कच्चं चिरलेल्या पाटावरच कोशिंबीर, उन्हात प्रवास करून आलेला खवा. आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ऊब. शिजलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं तर जंतूंना वाढता येत नाही, ५ अंशांच्या खालीही त्यांची वाढ जवळपास थांबते; मधल्या पट्ट्यात ते झपाट्याने वाढतात. भाताचं उदाहरण घ्या. तांदळात एका जंतूची बीजं असतात, ती शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती जागी होतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. रबडीसारख्या दुधाच्या पदार्थात हाताच्या जखमेतून किंवा नाकातून आलेला जंतू हेच करतो. म्हणून ‘थोडं गरम करून घेऊ’ हा मांडवातला सर्वमान्य तोडगा पुष्कळदा उपयोगाचा नसतो. असं अन्न वासाने, चवीने ओळखूही येत नाही. उलट्या एक ते सहा तासांत सुरू होतात, तेव्हा वऱ्हाड परतीच्या गाडीत असतं.

‘शुद्ध आर.ओ. पाणी’ हे शब्दही असेच अर्धे. पाणी शुद्ध, मग बर्फ कुठला? मे महिन्यात मठ्ठा, सरबत, पाणीपुरीचं पाणी, सगळ्यात बर्फ पडतो. खाण्याचा नसलेला, माल थंड ठेवायचा बर्फ निळा रंगवावा, असा दंडक महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. त्याचा हेतूच हा की तो चुकून पेल्यात पडू नये. लादी बर्फ गोणपाटात गुंडाळून टेम्पोतून येतो, जमिनीवर आपटून फोडला जातो आणि मग त्याच आर.ओ. पाण्यात टाकला जातो. मजकूर लिहिणाऱ्याने पाण्याचा उल्लेख केला, कारण लोक पाण्याबद्दल विचारतात. बर्फाबद्दल कुणी विचारत नाही म्हणून तो वाक्यात नाही. जाहिरातीच्या गद्याचा हा स्वभावच आहे. विचारलेल्या प्रश्नाला ते तत्परतेने उत्तर देतं.

आता मधलं वचन, विविधता. ‘पंचवीसहून अधिक पदार्थ’ हा आकडा आचाऱ्याच्या यादीतून आलेला नाही, शहरातल्या रिसेप्शनमधून आला आहे. या भागातलं जुनं लग्नाचं जेवण मोजकं: आलू-वांग्याची भाजी, वरण-भात, पुरी, बुंदी, जोडीला कढी किंवा मठ्ठा. त्या मोजकेपणात एक शहाणपण होतं, ते आता हिशेब मांडल्यावर दिसतं. बुंदी आदल्या दिवशी पाडून ठेवता येते. साखरेत ती टिकते. वरण मोठ्या गंजात मंद आचेवर उकळत ठेवता येतं. भाजीचंही तसंच. म्हणजे ऐन वेळी हात गुंतायचे ते भात आणि पुरीत. पंगत बसली की बादली गंजात बुडवायची आणि थेट पानावर, मध्ये थांबा नाही. अन्न ६० अंशांच्या खाली यायला वेळच मिळत नसे, हे कुणी मोजलेलं नसलं तरी.

पंचवीस पदार्थांत चित्र उलटं होतं. पनीरची भाजी, मंचुरियन, पाणीपुरी, डोसा, चाट, दोन गोड, त्यातलं एक थंड. प्रत्येकाची वेगळी भट्टी, वेगळी पूर्वतयारी, वेगळा माणूस. पाच-सहा जाणते हात पंचवीस ठिकाणी वाटले गेले की उरलेल्या जागी हंगामी पोरं उभी राहतात, आणि त्यांना टोपी देता येते, सवय एका दिवसात देता येत नाही. बफेच्या भांड्याखालची छोटी ज्योत वाऱ्याने विझते, झाकण सतत उघडं राहतं, भाजी संपत आली की उरलेल्यावरच ताजी ओततात. त्यामुळे तळातली भाजी दुपारपर्यंत तळातच राहते. विविधतेने इथे स्वच्छतेलाही धक्का दिला आणि वेळेलाही. ‘स्वच्छता, विविधता आणि वेळेवर सेवा’ ही रचना कानाला गोड लागते, कारण तिन्ही शब्द एका पातळीवर बसवले आहेत, जणू एकाच घरचे तीन भाऊ. प्रत्यक्षात त्यांच्यात वाटणीचा वाद आहे आणि ‘आणि’ या अव्ययाने तो झाकला आहे.

तरी विविधता काढून टाका असं केटररला सांगणं सोपं, गिऱ्हाइकाला पटवणं अवघड. पदार्थांची संख्या ही व्याह्यांपुढची प्रतिष्ठा झाली आहे. ‘चायनीजचं काउंटर पण नव्हतं’ हे ऐकून घ्यायची कुणाची तयारी नसते. भात कोमट होता म्हणून मात्र कुणी नावं ठेवत नाही.

शेवटचा तुकडा, ‘अक्षता पडताच पहिले ताट’, हा माझ्या मते या परिच्छेदाचा प्राण. ‘वेळेवर सेवा’ हे आधी एकदा सांगून झालं होतं. तेच पुन्हा, पण आता चित्र करून. शिवाय त्यात घड्याळ नाही. हे फार जाणतं लिखाण आहे. आपल्याकडच्या लग्नाला दोन वेळा असतात, पत्रिकेवरची आणि खरी. पत्रिकेत १२ वाजून ३५ मिनिटे असतं. नवरदेवाची वरात मारुतीच्या पारापाशी नाचत थांबते, पाहुण्यांचे सत्कार सुरू होतात, पुढाऱ्यांना दोन शब्द बोलायचे असतात आणि अंतरपाट धरला जातो दोन वाजता. ‘साडेबाराला जेवण’ असं वचन जो देईल त्याचं अन्न साडेबाराला तयार असेल आणि दीड तास तसंच बसून राहील. वेळेवर असणं हाच तिथे दोष ठरतो.

एका दिवसाचा हिशेब करून पाहू. मुहूर्त १२.३५ चा धरून चाललेला स्वयंपाकी डाळ सकाळी आठला चढवतो, भाजी नऊला, भाताचा पहिला गंज अकराला उतरवतो. पुऱ्या साडेअकरापासून तळून टोपल्यात. प्रत्यक्ष अक्षता २.१० ला. शेवटची पंगत किंवा बफेची शेवटची रांग साडेचारला. अकराचा भात शेवटच्या माणसाच्या ताटात साडेपाच तासांनी पडला. पुऱ्या गार आणि चिवट, भाजीवर तेल थिजलेलं. आता दुसरा स्वयंपाकी पाहा. तो डाळ आणि भाजी मंद आचेवर ठेवतो, तांदूळ धुऊन निथळत ठेवतो, आधण उकळतं ठेवतो आणि एक पोरगा मांडवात उभा करतो. वरात पाराजवळून हलली, की पोराचा फोन येतो आणि भाताचा पहिला गंज चढतो, कारण त्याला शिजून मुरायला अर्धा-पाऊण तास हवा. मंगलाष्टकं सुरू झाली, की कढईखालचा जाळ मोठा होतो. पाच-सहा मंगलाष्टकं हौशी मामा-मावश्यांनी म्हणेपर्यंत तेल तापतं. ‘शुभ मंगल सावधान’ शेवटचं झालं, की पहिला घाणा पडतो. भाताचा दुसरा गंज पहिली पंगत बसल्यावर, तिसरा दुसरी पंगत बसल्यावर. एकूण ४० किलो तांदूळ तोच, पण कुठलाही भात तासाभराहून जास्त बसून राहत नाही. ‘अक्षता पडताच पहिले ताट’ हे वचन पाळायचं तर असंच काम करावं लागतं, आणि तसं केलं की स्वच्छतेचं वचनही आपोआप पाळलं जातं. लिहिणाऱ्याला हे सुचलं असेल की नुसता अनुप्रास साधला, ते सांगता येणार नाही. वाक्यात मात्र ते आहे.

या तुकड्याला एक मर्यादाही आहे. अक्षता प्रत्येक मांडवात पडत नाहीत. बुलढाणा जिल्ह्यात बौद्ध समाज मोठा आहे. त्यांच्या मंगल परिणयात त्रिसरण-पंचशील होतं आणि वधूवरांवर फुलं पडतात. मुस्लिम घरात निकाह असतो. हे सगळे याच केटररचे गिऱ्हाईक. पत्रकाने नकळत एकाच मांडवाची भाषा धरली. ‘विधी आटोपताच’ म्हटलं असतं तर सगळे मावले असते, पण वाक्याचा ठसका गेला असता. मी लिहिणारा असतो तर बहुधा ठसकाच राखला असता आणि वेगवेगळ्या मांडवांसाठी वेगळी पत्रकं छापली असती. छपाई आता तेवढी महाग राहिलेली नाही.

जे लिहिलंच नाही तेही वाचायला हवं. वधूपित्याची सगळ्यात मोठी भीती या परिच्छेदात नाही: अन्न कमी पडलं तर? वऱ्हाडात घरोघरी चूलबंद आवतण देण्याची चाल आहे. त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही, सगळं घर जेवायला. अशा आमंत्रणात माणसं मोजता येत नाहीत. पाचशे धरले तर साडेसहाशे येतात, नाहीतर पाऊस आला तर साडेतीनशे. आचारी आणि यादीच्या पद्धतीत त्यावर उपाय होता: कोठीत तांदळाचं एक पोतं जादा, भात पुन्हा चढवायचा, वरणात आधण ओतायचं. ताटाच्या दरात हे बसत नाही, कारण तिथे प्रत्येक ताट मोजलेलं असतं. म्हणून हा विषय सुरुवातीच्या परिच्छेदात न येता मागच्या बाजूला बारीक अक्षरात येतो: ताटांची संख्या आठ दिवस आधी कळवावी, वाढीव ताटांचा दर वेगळा राहील. ‘आपल्या घरचे कार्य ते आमचेच’ हे पहिलं वाक्य आणि ही अट शेजारी ठेवून वाचली, की कोणतं कार्य कुठवर आमचं ते कळतं. यात फसवणूक काही नाही. धंदा म्हटला की असं असणारच. पण गिऱ्हाइकाने दोन्ही बाजू वाचायला हव्यात.

तेव्हा माझं मत असं: पहिलं वाक्य काढून टाकावं, ‘पंचवीसहून अधिक’ हा आकडा दहा-बारावर आणावा, हातमोज्यांच्या जागी ‘भात दर पंगतीला ताजा’ असं लिहावं आणि शेवटचा तुकडा जसाच्या तसा ठेवावा. तो चांगला आहे. आणि ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांनी पत्रक हाती आल्यावर दर विचारण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात. अन्न सुरक्षा परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक छापला आहे का. तो १ ने सुरू झाला तर परवाना, २ ने सुरू झाला तर लहान व्यवसायाची नोंदणी. बर्फ कुठून येतो. आणि लग्न दीड तास लांबलं तर भाताचं काय करणार. या तिसऱ्या प्रश्नाला जो केटरर हसून ‘काळजी करू नका’ म्हणतो त्याला नमस्कार करून निरोप द्या. जो विचारतो, ‘वरात कुठून निघणार, भाऊ?’ त्याला इसार देऊन टाका.